बारीक छपाईतल्या आकृत्या ताडून पाहण्याची रीत: नवोदय परीक्षेतील आकृती जुळवणीसाठी

खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी आणि बेळगाव तालुक्यांतल्या मराठी शाळांमधून पाचवीची मुले दरवर्षी नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेला बसतात. चिकोडी तालुक्यातल्या कोथळीचे नवोदय विद्यालय या भागातल्या पालकांना ठाऊक असते. परीक्षेचे स्वरूप मात्र पहिल्यांदाच मूल बसवणाऱ्या घराला किंवा नव्याने पाचवीचा वर्ग हाती आलेल्या शिक्षकाला फारसे ठाऊक नसते. दोन तासांत ८० प्रश्न आणि १०० गुण असतात. त्यांपैकी ४० प्रश्न, म्हणजे ५० गुण, मानसिक क्षमता चाचणीचे असून ते सगळे आकृत्यांवर आधारलेले असतात. या चाचणीत दहा प्रकार आहेत आणि प्रत्येक प्रकाराचे चार प्रश्न येतात. हा लेख त्यांतल्या एकाच प्रकाराविषयी आहे. डावीकडे एक प्रश्नाकृती दिलेली असते, उजवीकडे चार पर्याय असतात, आणि प्रश्नाकृतीशी तंतोतंत जुळणारा पर्याय निवडायचा असतो.

हा प्रकार सगळ्यांत सोपा समजला जातो, कारण त्यात कुठलाही नियम शोधावा लागत नाही. मुले येथे गुण घालवतात ती बुद्धी कमी पडल्यामुळे नव्हे, तर चारही पर्याय पहिल्या नजरेला सारखेच दिसतात म्हणून. पर्याय तयार करणारा मूळ आकृतीची नक्कल घेतो आणि प्रत्येक चुकीच्या पर्यायात एखादीच गोष्ट बदलतो: कुठे तिरप्या रेघांची दिशा, कुठे भरीव ठिपक्याच्या जागी पोकळ ठिपका, कुठे एका बाजूची जाडी. आकृती जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटरची असली की हा बदल कागदावर मिलिमीटरच्या अंशात उरतो. संगणकावर आकृती काढताना अर्ध्या पॉइंटची रेघ सुमारे ०.१८ मिलिमीटर जाड असते आणि एक पॉइंटची सुमारे ०.३५ मिलिमीटर. एवढा फरक शेजारी शेजारी ठेवला तर दिसतो. पण प्रश्नाकृतीवरून चौथ्या पर्यायापर्यंत नजर नेईतो आधी पाहिलेली जाडी आठवणीतून निसटलेली असते.

म्हणून पहिली सवय ही लावावी की, नजरेत संपूर्ण आकृती साठवून ती पर्यायांवर ठेवून पाहायची नाही. प्रश्नाकृतीतली एकच बाब निवडायची, तिला मनात नाव द्यायचे आणि तेवढीच बाब चारही पर्यायांत पाहत जायचे. नवखी मुले बहुधा याच्या उलट करतात. ती पर्याय ए पूर्ण तपासतात, मग बी पूर्ण तपासतात, आणि डीपर्यंत पोहोचेस्तोवर ए मध्ये काय पाहिले होते हे विसरतात. एक बाब आणि चार पर्याय या रीतीत डोक्यात एका वेळी एकच गोष्ट धरावी लागते. शिवाय जो पर्याय गळला त्यावर पेनाने बारीक रेघ मारता येते, त्यामुळे पुढच्या बाबीसाठी पाहायचे पर्याय कमी होत जातात. ही खूण प्रश्नपुस्तिकेवरच करावी. ओएमआर उत्तरपत्रिकेवर वर्तुळाखेरीज काहीही उमटू नये.

बाबींचा क्रमही ठरलेला असावा. आधी बाहेरची रूपरेषा आणि आतल्या भागांची जागा पाहावी, मग कोणता भाग भरीव आहे आणि कोणता पोकळ, त्यानंतर रेघांची दिशा आणि संख्या, आणि सगळ्यांत शेवटी जाडी. जाडी शेवटी ठेवण्याचे कारण असे की, छपाईने सर्वांत जास्त बिघडणारी बाब तीच आहे, आणि तोपर्यंत बहुतेक वेळा दोनच पर्याय उरलेले असतात.

रेघांच्या दिशेबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण या वयाची मुले सर्वाधिक गोंधळतात ती येथेच. उभी रेघ आणि आडवी रेघ यांत मूल चुकत नाही. पण एक तिरपी रेघ आणि तिचे आरशातले रूप हे दोन्ही त्याला ‘तिरपेच’ वाटतात. माणसाची नजर मुळातच उभ्या-आडव्या रेघांपेक्षा तिरप्या रेघांच्या बाबतीत कमी नेमकी असते आणि लहान मुलांत हे जास्त जाणवते. त्यावर उपाय म्हणजे दोन्हींना वेगवेगळी नावे देणे. डावीकडून उजवीकडे जाताना जी रेघ वर चढते ती ‘चढती’ आणि जी खाली उतरते ती ‘उतरती’. सुरुवातीला मुलाने प्रत्येक छायांकित भागावर बोट डावीकडून उजवीकडे फिरवून नाव मोठ्याने म्हणावे, नंतर मनातल्या मनात. एकदा ‘वर्तुळाच्या वरच्या भागात चढत्या रेघा’ असे शब्दांत बांधले की पर्यायापर्यंत ती माहिती न बिघडता पोहोचते. चित्र आठवणीत पुसट होत जाते, शब्द तसाच राहतो.

आता एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. हे उदाहरण या लेखासाठी रचलेले आहे, पण अशा प्रश्नांची जडणघडण साधारण अशीच असते. शिक्षकांनी ते फळ्यावर काढून घ्यावे.

प्रश्नाकृतीत एक चौरस आहे. त्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत एक कर्ण आहे, म्हणजे तो ‘उतरता’ आहे. चौरसाच्या मध्यभागी एक वर्तुळ असून कर्णामुळे त्याचे दोन अर्धे भाग झाले आहेत. कर्णाच्या वर, उजवीकडे असलेल्या अर्ध्या भागात पाच चढत्या रेघा आहेत आणि दुसरा अर्धा भाग कोरा आहे. खालच्या डाव्या कोपऱ्याजवळ एक लहान भरीव ठिपका आहे. चौरसाच्या तीन बाजू बारीक आहेत, खालची बाजू मात्र जाड आहे.

पहिली बाब, रूपरेषा आणि जागा: चारही पर्यायांत चौरस, उतरता कर्ण, मधोमध वर्तुळ आणि खाली डावीकडे ठिपका आहे. कोणीही गळत नाही. येथे मुले निराश होऊन अंदाज करायला लागतात, पण जुळवणीच्या प्रश्नात पहिली पायरी अशी रिकामी जाणे नेहमीचेच आहे.

दुसरी बाब, भरीव आणि पोकळ: कोणता अर्धा भाग छायांकित आहे, हे चौघांतही सारखे आहे. ठिपका ए, सी आणि डी मध्ये स्वच्छ काळा आहे. बी मध्ये तो काळाच दिसतो, पण जवळून पाहिल्यावर मधोमध सुईच्या टोकाएवढा पांढरा बिंदू जाणवतो. हा जाड परिघाचा पोकळ ठिपका असेल, किंवा शाई न लागल्यामुळे राहिलेली पांढरी जागा असेल. अशा वेळी लगेच निकाल देऊ नये. बी च्या शेजारी प्रश्नचिन्ह काढून पुढे जावे.

तिसरी बाब, रेघा: प्रश्नाकृतीत उतरत्या कर्णावर चढत्या रेघा येऊन आडव्या टेकतात. बी, सी आणि डी मध्येही तसेच आहे. ए मध्ये रेघा कर्णाला समांतर धावतात, म्हणजे त्या उतरत्या आहेत. ए गळला. येथे आकृतीतच एक मोजपट्टी सापडते हे लक्षात घ्यावे. रेघ चढती की उतरती हे ठरवताना शंका आली, तर ती जवळच्या कर्णाला समांतर आहे की त्याला छेद देणारी, एवढेच पाहावे. मग चूक होत नाही. रेघांची संख्या मोजली तर तिघांतही पाच येतात. सी मधली एक रेघ मध्येच तुटलेली दिसते, पण तिचे दोन्ही तुकडे एकाच सरळ रेषेत आहेत. म्हणून ती एकच रेघ मोजायची.

चौथी बाब, जाडी: डी मध्ये खालची बाजू काळीभोर आणि ठसठशीत दिसते. सी मधली खालची बाजू प्रश्नाकृतीपेक्षा फिकट वाटते. येथे बहुसंख्य मुले डी निवडतात आणि येथेच चुकतात. जाडी कधीही एका आकृतीतून दुसऱ्या आकृतीशी थेट ताडू नये. ती त्याच आकृतीतल्या दुसऱ्या रेघेशी ताडावी. डी मध्ये खालची बाजू ठसठशीत आहे हे खरे, पण डावी, उजवी आणि वरची बाजूही तितकीच ठसठशीत आहे. त्या आकृतीत जाड-बारीक असा भेदच नाही. सी मध्ये सगळ्याच रेघा फिकट उमटल्या आहेत, तरी खालची बाजू बाकीच्या तिघींपेक्षा स्पष्टपणे जाड आहे. प्रश्नाकृतीतली मूळ गोष्ट ‘एक बाजू इतरांपेक्षा जाड’ ही आहे, आणि ती सी मध्ये टिकली आहे. डी गळला.

उरले बी आणि सी. सी वर आता उलट दिशेने एकदा नजर टाकावी: चौरस, उतरता कर्ण, वरच्या भागात चढत्या पाच रेघा, भरीव ठिपका, खालची बाजू जाड. सगळे जुळते. उत्तर एकच असते, म्हणून बी चा प्रश्न आपोआप सुटतो आणि तो पांढरा बिंदू मुद्दाम ठेवलेला होता हे कळते. उत्तर सी.

या उदाहरणात सगळी अडचण एकाच प्रश्नाशी येते: हा फरक मुद्दाम केलेला आहे की छपाईचा दोष आहे? याची काही लक्षणे सांगता येतात. मुद्दाम केलेला फरक एखाद्या पूर्ण भागाला लागू होतो. पूर्ण बाजू जाड असते, पूर्ण वर्तुळ पोकळ असते, एका भागातल्या सगळ्या रेघा फिरलेल्या असतात. छपाईचा दोष भागाची हद्द पाळत नाही. तो रेघेच्या मधल्याच तुकड्यावर असतो, आकृतीच्या बाहेरच्या कोऱ्या जागेतही शिंतडा टाकतो, किंवा पानाच्या एका कडेच्या सगळ्या आकृत्यांना सारखाच फिकट करतो. म्हणून एखादी आकृती फिकट वाटली की तिच्या वरच्या आणि खालच्या प्रश्नांतल्या त्याच रांगेच्या आकृत्या पाहाव्यात. त्याही फिकट असतील तर तो फिकेपणा कागदाचा आहे, प्रश्नाचा नाही. पांढऱ्या बिंदूचेही तसेच आहे. शाई न लागल्याने राहिलेली जागा वेडीवाकडी आणि कडेला सरकलेली असते, तर काढलेल्या पोकळ ठिपक्याचे छिद्र गोल आणि नेमके मध्यभागी असते. मात्र ही लक्षणे खात्रीची नव्हेत. छिद्र फारच लहान असेल तर नुसते पाहून निकाल लागत नाही. त्यासाठीच वर प्रश्नचिन्ह काढून पुढे जाण्याची रीत सांगितली. एक पर्याय पूर्ण जुळला की शंकेचा निकाल तोच देतो.

राखाडी रंगाच्या छटेबाबत वेगळी खबरदारी घ्यावी लागते. तीच राखाडी छटा काळ्या भागाला लागून आली तर फिकट दिसते आणि कोऱ्या भागाला लागून आली तर गडद दिसते. हा छपाईचा दोष नव्हे, नजरेचाच तो स्वभाव आहे आणि मोठ्यांनाही तो चुकत नाही. तेव्हा दोन पर्यायांतल्या राखाडी छटा वेगळ्या वाटल्या, तर शेजारचा काळा भाग बोटाने किंवा पेनाच्या टोपणाने झाकून पुन्हा पाहावे. झाकल्यावर फरक नाहीसा झाला तर तो मुळात नव्हताच. अशाच कारणाने काळ्या पार्श्वभूमीवरचे पांढरे वर्तुळ तेवढ्याच आकाराच्या काळ्या वर्तुळापेक्षा मोठे भासते. म्हणून आकार ताडतानाही वर्तुळाच्या कडेपासून चौरसाच्या बाजूपर्यंतचे अंतर पाहावे, वर्तुळ ‘मोठे वाटते का’ हे विचारू नये.

वेगळी आकृती ओळखा हा प्रकार याच्या शेजारीच येतो आणि जुळवणीत मुरलेले मूल तेथे विनाकारण अडकते. त्या प्रकारात तीन आकृत्यांना लागू होणारा नियम शोधायचा असतो. एका रेघेच्या किंचित जास्त जाडीवरून तेथे उत्तर ठरवू नये. आरशातल्या प्रतिमेच्या प्रश्नांत मात्र चढती-उतरती ही नावे पुन्हा उपयोगी पडतात: आरशात चढत्या रेघा उतरत्या होतात, तर आकृती अर्धी फिरवली तर चढत्या त्या चढत्याच राहतात. पाव फिरवली की मात्र त्या उतरत्या होतात. एवढे वाक्य पाठ केलेले मूल पुष्कळदा बाकी काही न पाहता दोन पर्याय गाळू शकते.

वेळेचा हिशेब साधा आहे. मानसिक क्षमता चाचणीच्या ४० प्रश्नांसाठी साधारण एक तास धरला जातो, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. वर सांगितलेली रीत सुरुवातीला तीन-तीन मिनिटे घेते. तेव्हा पहिले काही आठवडे घड्याळ लावूच नये, क्रम हातात बसला की वेळ आपोआप कमी होतो. उत्तरपत्रिकेवर एकदा रंगवलेले वर्तुळ बदलता येत नाही, म्हणून प्रश्नचिन्ह शिल्लक असलेला प्रश्न रंगवण्याआधी एकदा तरी पुन्हा पाहावा. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नसल्याने शेवटी तो कोराही सोडू नये.

सरावाच्या कागदाबद्दल शिक्षकांना दोन शब्द. आपल्याकडे बहुतेक सराव झेरॉक्सवर चालतो आणि तोही झेरॉक्सच्या झेरॉक्सवर. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या प्रतीत बारीक रेघा तुटतात, जवळजवळच्या तिरप्या रेघा एकमेकींत मिसळून काळा गठ्ठा होतात आणि राखाडी छटा काळी तरी होते नाहीतर साफ उडून जाते. मग मूल असा प्रश्न सोडवत बसते ज्याचे उत्तर त्या कागदावर नाहीच. प्रत नेहमी मूळ छापील पानावरूनच काढावी आणि झेरॉक्सवाल्याला यंत्र ‘टेक्स्ट’ऐवजी ‘फोटो’ किंवा दोन्ही मिळून असलेल्या पर्यायावर ठेवायला सांगावे, कारण नुसत्या टेक्स्टच्या पर्यायात यंत्र राखाडी छटा काळ्या-पांढऱ्यात ढकलते. मोबाईलवर फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवलेले पान छापून या प्रकाराचा सराव मुळीच घेऊ नये. पावसाळ्यात खानापूर भागातल्या वर्गखोल्यांत भरदुपारीही अंधारून येते. अशा वेळी हा सराव खिडकीशेजारी घ्यावा आणि उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाच्या डावीकडून उजेड येईल असे बसवावे, म्हणजे त्याच्याच हाताची सावली आकृतीवर पडत नाही.

इतके करूनही एखादे मूल पुन्हा पुन्हा चुकत असेल, तर चूक रीतीची आहे की डोळ्यांची, हे शाळेतच ताडून पाहता येते. ज्या पानावर ते चुकले, तेच पान ए-४ वरून ए-३ वर, म्हणजे १४१ टक्के मोठे करून द्यावे. मोठ्या पानावरही त्याच प्रकारची चूक झाली, तर मूल क्रम पाळत नाही किंवा चढती-उतरती अजून पक्की झालेली नाही, असे बहुधा समजायला हरकत नाही. मोठ्या पानावर चुका नाहीशा झाल्या तर कारण बारीक छपाई किंवा नजर यांपैकी एक आहे. त्यातही आणखी एक खूण पाहावी. मुलाला चढत्या रेघा स्वच्छ दिसतात पण उतरत्या रेघा पुसट किंवा दुहेरी दिसतात, असे ते सांगत असेल, तर पान पाव वळणाने फिरवून त्याच्यापुढे ठेवावे. आता पूर्वी पुसट दिसणाऱ्या रेघा स्वच्छ आणि स्वच्छ दिसणाऱ्या पुसट झाल्या, तर दोष कागदाचा नाही. डोळ्याच्या वक्रतेत एका दिशेने दोष असला की असे होते. ते सरावाने जात नाही, त्याला वेगळ्या प्रकारचा चष्मा लागतो, आणि त्यासाठी पालकांनी मुलाला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात किंवा नेत्रतज्ज्ञाकडे परीक्षेच्या बऱ्याच आधी नेऊन डोळे तपासून घ्यावेत, कारण नव्या चष्म्याने सरळ रेघा सुरुवातीला काही दिवस किंचित कललेल्या दिसू शकतात आणि नजरेला सवय व्हायला वेळ लागतो.